‘लेट मी टू नो’ चूक, पण ‘हेल्प मी टू अंडरस्टँड’ बरोबर: असे का?

इंग्रजीत लिहिलेल्या एखाद्या पत्रात ‘प्लीज लेट मी टू नो इफ यू कॅन हेल्प मी टू अंडरस्टँड धिस’ असे वाक्य आले, तर त्यात ‘टू’ हा शब्द दोनदा आलेला दिसतो. पहिल्या ठिकाणी तो चूक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर आहे. ‘लेट’, ‘मेक’ आणि ‘हेल्प’ या तिन्ही क्रियापदांमागे आधी एक व्यक्ती येते आणि मग त्या व्यक्तीने करायची क्रिया येते. रचना सारखीच असूनही ‘टू’च्या बाबतीत तिघांची वागणूक वेगळी आहे. शाळेत हे अपवाद म्हणून पाठ करून घेतले जातात. परंतु ‘टू’ मुळात कोण होता हे कळले, तर या वेगळेपणाचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचे मूळ रूप ओळखण्यासाठी ‘टू’ची गरजच नव्हती, कारण ते रूप शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययावरूनच कळत असे. आजचे ‘ड्रिंक’ तेव्हा ‘ड्रिंकान’ होते आणि त्यातला ‘आन’ हा प्रत्यय आपल्या ‘पिणे’मधल्या ‘णे’सारखे काम करीत असे. याच्या जोडीला ‘टो ड्रिंकेन्ने’ असे दुसरे रूप होते. त्यातला ‘टो’ म्हणजे ‘कडे’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय होते आणि त्याच्या पुढे क्रियापदाचे चतुर्थी विभक्तीतले रूप येत असे. ‘तो पाणी प्यायला गेला’ या वाक्यातले ‘प्यायला’ डोळ्यांसमोर आणावे. त्यातला ‘ला’ जे करतो, जवळजवळ तेच तो ‘टो’ करीत होता. पुढच्या काही शतकांत इंग्रजीतले प्रत्यय झिजत गेले, १५०० च्या आसपास ते जवळपास नाहीसे झाले आणि मूळ रूप ओळखू यावे म्हणून ‘टू’ सर्वत्र पसरला. मात्र काही जुन्या, सतत वापरातल्या क्रियापदांमागे ‘टू’ नसलेले रूप इतके रुळलेले होते की तिथे ‘टू’ शिरू शकला नाही. ‘कॅन’ आणि ‘मस्ट’ ही त्यांपैकीच, आणि ‘लेट’सुद्धा. म्हणून ‘लेट मी नो’ हा नियमाला पडलेला अपवाद नाही. उलट, ‘टू’ पसरण्यापूर्वीची जुनी व्यवस्था तिथे टिकून राहिली आहे.

‘मेक’ची गोष्ट वेगळी आहे. एखाद्याला काही करायला लावणे या अर्थाने ‘मेक’ नंतरच्या काळात रूढ झाला आणि बराच काळ त्याच्यामागे दोन्ही रूपे येत होती. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रात ‘ही मेकेथ मी टू लाय डाउन इन ग्रीन पाश्चर्स’ असे आहे. आज कोणी असे लिहिले तर ते चूक ठरेल, पण त्या काळी ते शुद्ध इंग्रजी होते. पुढे कर्तरी प्रयोगातून ‘टू’ निघून गेला, तरी कर्मणी प्रयोगात तो तसाच राहिला. त्यामुळे ‘दे मेड हिम वेट’ असे लिहायचे, परंतु तेच वाक्य उलटवले की ‘ही वॉज मेड टू वेट’ असे होते आणि तिथे ‘टू’ गाळणे ही चूक ठरते. हे एकट्या ‘मेक’चे वैशिष्ट्य नाही. ‘आय सॉ हिम एन्टर’ हे ‘टू’शिवाय, पण ‘ही वॉज सीन टू एन्टर’ हे ‘टू’सह, हीच जोडी तिथेही दिसते. ‘लेट’चे मात्र या अर्थाने कर्मणी रूप सहसा वापरत नाहीत, त्याच्या जागी ‘ही वॉज अलाउड टू गो’ असे म्हणतात.

खरी रंगत ‘हेल्प’मध्ये आहे, कारण त्याच्यातला बदल हल्लीच्या काळात मोजता आला आहे. १९६१ साली छापलेल्या मजकुरातून अमेरिकी आणि ब्रिटिश इंग्रजीचे प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे दोन संग्रह तयार करण्यात आले होते. तीस वर्षांनंतरच्या मजकुरातून, त्याच पद्धतीने, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात आणखी दोन संग्रह तयार झाले. भाषाशास्त्रज्ञ ख्रिस्तियान मायर यांनी जुने आणि नवे संग्रह ताडून पाहिले, तेव्हा ब्रिटिश लेखनात १९६१ मध्ये ‘हेल्प’मागे ‘टू’ असलेली रचना अधिक होती आणि १९९१ पर्यंत ‘टू’ नसलेली रचना अधिक झाली होती, असे दिसले. अमेरिकी लेखनाने हे वळण त्याआधीच घेतले होते. म्हणजे ‘हेल्प मी टू अंडरस्टँड’ आणि ‘हेल्प मी अंडरस्टँड’ ही दोन्ही बरोबर आहेत, आणि त्यांतले एक हळूहळू मागे पडत आहे.

मग लिहिणारा या दोहोंतून निवड कशी करतो? मदत करणारा स्वतः क्रियेत सहभागी असेल तर ‘टू’ नको आणि नसेल तर हवा, असे काही जण सांगतात. मला हा भेद व्यवहारात फारसा टिकणारा वाटत नाही. त्यापेक्षा भाषाशास्त्रज्ञ गुंटर रोडेनबुर्ग यांनी मांडलेले तत्त्व अधिक उपयोगी आहे: वाक्याची गुंतागुंत वाढली की लिहिणारा अधिक स्पष्ट खूण असलेले रूप निवडतो. ‘हेल्प’ आणि पुढची क्रिया यांच्यामध्ये आठ-दहा शब्द आले, तर क्रिया कुठे सुरू होते हे ‘टू’मुळे वाचणाऱ्याला चटकन कळते. याउलट ‘हेल्प’च्या आधीच एक ‘टू’ असेल, तर दुसरा टाळण्याकडे कल असतो. ‘टू हेल्प टू एक्सप्लेन’पेक्षा ‘टू हेल्प एक्सप्लेन’ अधिक आढळते. ‘मेक’ आणि ‘लेट’ यांना अशी मोकळीक नाही. मध्ये कितीही शब्द आले, तरी कर्तरी प्रयोगात त्यांच्यामागे ‘टू’ येत नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे मराठीच्या अंगाने पाहता येईल. ‘जाऊ दे’, ‘कळू दे’ या रचनांमध्ये क्रियापदाला ‘ला’ लागत नाही, म्हणजे ‘लेट’च्या बाबतीत आपली भाषा योग्य वाटच दाखवते, तरीही चूक होते, ती बहुधा ‘अलाउ मी टू’, ‘आस्क मी टू’, ‘वाँट मी टू’ या इंग्रजी रचनांच्या सवयीने. ‘मेक’च्या बाबतीत मात्र मराठीच आपल्याला चकवते. ‘त्याला थांबायला लावले’ यातला ‘थांबायला’ मनात असला की लेखणीतून ‘मेड हिम टू वेट’ सहज उतरते. ‘समजून घ्यायला मदत करा’ यातला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन आला तरी बिघडत नाही, कारण ‘हेल्प’ला तो चालतो. म्हणून त्या वाक्यातला फक्त पहिला ‘टू’ काढायचा: ‘प्लीज लेट मी नो इफ यू कॅन हेल्प मी टू अंडरस्टँड धिस’. दुसरा ठेवावा की काढावा, ही लिहिणाऱ्याची आवड.

‘टू’ काढताना उरलेल्या क्रियापदाला काळ चिकटवण्याची चूकही वारंवार दिसते. ‘इट मेड मी लाफ्ड’ किंवा ‘लेट हिम गोज’ असे लिहिले जाते, कारण ‘टू’ नसलेले क्रियापद पूर्ण क्रियापदासारखे भासते. इथे मराठी पुन्हा मदतीला येते. ‘त्याने मला हसायला लावले’ यात भूतकाळ केवळ ‘लावले’मध्ये आहे, ‘हसायला’मध्ये नाही; त्याचप्रमाणे इंग्रजीतही तो केवळ ‘मेड’मध्ये असतो आणि ‘लाफ’ जसाच्या तसा राहतो.