वाळवण कच्चं राहिलंय की सादळलंय?

बरणीतल्या वाळवलेल्या गवारीवर बुरशी दिसली की सल्ला ठरलेला असतो: “अजून एक ऊन दाखवायला हवं होतं.” सगळ्याच बुरशीला हे उत्तर लागू पडत नाही. कच्चं राहिलेलं वाळवण आणि नीट वाळून मग सादळलेलं वाळवण हाताला सारखंच मऊ लागतं, पण दोन्हींचं दुखणं वेगळं आहे.

सादळणं सगळ्यांच्या ओळखीचं. उघडा राहिलेला पापड जसा होतो तसंच. पाणी बाहेरून आलेलं असतं, त्यामुळे थर सगळीकडे सारखाच मऊ पडतो आणि बुरशी आधी झाकणाजवळ दिसते. वाळवण रात्रभर गच्चीवर राहिलं किंवा पातळ पिशवीत भरलं की हे होतं. बुरशी यायच्या आत लक्षात आलं तर एका कडक उन्हात ते परत कुरकुरीत होतं. निवलं की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं, एवढंच.

घोळ होतो तो कच्च्या वाळवणात. इथे पाणी आतच उरलेलं असतं. वरची साल सुकून कडक होते, वाजते, आणि आपण ‘झालं’ म्हणतो. बरणीत बंद केल्यावर आतली ओल हळूहळू बाहेर येते, काल वाजणारी शेंग आज वाकायला लागते, काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं. बुरशीही सरसकट येत नाही. जाड तुकडे, देठाकडची टोकं, दाण्याभोवतीचा भाग, इथून ती सुरू होते.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण हवाच कोरडी असते. पाऊस रेंगाळलेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र ऊन चटका देत असतानाही हवा दमट असू शकते. पदार्थ हवेपेक्षा कोरडा होऊ शकत नाही. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर अडकली असेल, तर भाजी त्या हवेशी जुळेपर्यंतच वाळते आणि थांबते. म्हणून “दोन दिवस वजन उतरलं नाही, म्हणजे वाळली” ही खूण दमट दिवसांत फसवी आहे.

एक किलो गवारीचा हिशोब बघा. ताज्या गवारीत पाणी साधारण 81 टक्के, म्हणजे बाकीचा ऐवज 190 ग्रॅमच्या आसपास. नीट वाळलेल्या भाजीत दहा टक्क्यांच्या आत पाणी उरायला हवं, म्हणजे वजन 210 ग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे. (शिरा, देठ काढल्यावर वजन करा आणि त्यावर हिशोब मांडा.) काटा 240 वर थांबला असेल तर त्यात वीस टक्के पाणी आहे. अशी भाजी बरणीत टिकत नाही.

तिथवर पोहोचायचं तर शेंग उभी चिरा. अख्ख्या शेंगेतला दाणा कच्चा राहतो, आणि दमट हवेत अख्खी गवार वाळवायला घालूच नये. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून निथळा आणि जाळीवर एकेरी पसरा. जाळी दोन विटांवर ठेवा, खालून वारा फिरला पाहिजे. प्लास्टिकच्या कागदावर वाळवणं मला अजिबात पटत नाही, खालची बाजू ओलीच राहते. वरून पातळ मलमल पुरे. पहाटे हवा सर्वांत दमट असते, म्हणून साडेदहाच्या सुमाराला बाहेर ठेवून चारच्या आत उचला. रात्री घरात झाकून ठेवा.

खात्री बरणीतच होते. निवलेली भाजी काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवून बघा. आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर बरणीत सोबत ठेवलात तर आणखी चांगलं. बरणी बंद करून एक दिवसाने आकडा 55 च्या खाली असेल तर भाजी टिकते, 65 च्या वर गेला तर बुरशीला जागा आहे. दव दिसलं किंवा आकडा चढला तर सगळी भाजी बाहेर काढा, जाड तुकडे आणखी चिरा आणि परत वाळवा. गरम भरलेल्या बरणीतही दव धरतं, म्हणून आधी अर्धा-पाऊण तास निवू द्या.

बाहेरची आर्द्रता दिवसभर 60 च्या वर असेल तर उन्हाचा नाद सोडून ओव्हन 60 अंशांवर लावा, दार बोटभर उघडं ठेवा. हवा तापली की तिची आर्द्रता उतरते. आणि बुरशी एकदा दिसली तर बरणीतलं सगळं टाका. तिने सोडलेली विषं ना उन्हाने जातात, ना तळल्याने.