कव्हर्ड कॉल

हाती असलेल्या शेअरवर कॉल ऑप्शन विकून प्रीमियम मिळवण्याची पद्धत. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या स्ट्राइक किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क शेअरधारक दुसऱ्याला देतो. बदल्यात मिळालेला प्रीमियम पुढे काहीही झाले तरी त्याचाच राहतो.

ॲमस्टरडॅमच्या शेअरबाजारात सतराव्या शतकात ऑप्शनचे सौदे होत असत. १६८८ मधील एका वर्णनात ते आढळतात. तथापि आजच्या पद्धतीचा उगम तेथे मानणे घाईचे ठरेल. पूर्वी प्रत्येक करार वेगळा असे आणि विकलेला कॉल मुदतीआधी परत घेणे अवघड जाई. २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंजमध्ये १६ शेअरांवर एकसारख्या अटींचे कॉल सुरू झाले. सामान्य शेअरधारकापर्यंत ही पद्धत साधारणपणे त्यानंतर पोहोचली असावी.

प्रीमियमला ‘उत्पन्न’ म्हणावे का, याबद्दल मतभेद आहेत. दलाल त्याची तुलना घरभाड्याशी करतात. भाडेकरू मात्र भाव वाढताच ठरल्या किमतीत घर विकत घेत नाही, म्हणून ही तुलना लंगडी पडते. प्रीमियम हा सोडून दिलेल्या चढाचा मोबदला होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॉल विकणाऱ्याला सरासरीने काही लाभ होत असेल, तर तो ऑप्शनच्या किमतीत गृहीत धरलेली चढउतार प्रत्यक्षापेक्षा बहुधा जास्त असते म्हणून.

समजा, शेअरचा भाव ५०० असताना ५४० च्या स्ट्राइकचा एक महिन्याचा कॉल १२ ला विकला. भाव ६२० झाला तरी हाती ५५२ च येतात. नुसता शेअर ठेवणाऱ्याला १२० चा नफा, याला ५२ चा. भाव ४२० वर घसरला, तर ८० ऐवजी ६८ चा तोटा. वरची बाजू बंद, खालची जवळपास तशीच उघडी.

खरी अडचण पुढच्या महिन्यात येते. ४२० वर असताना ५४० च्या कॉलला नगण्य भाव मिळतो, म्हणून धारक ४५० चा कॉल १० ला विकतो. शेअर पुन्हा ५०० वर गेला की तो ४५० ला द्यावा लागतो. दोन्ही प्रीमियम धरून ४७२ होतात: भाव होता तिथेच आला, तरी २८ चा तोटा. घसरणीनंतर मूळ खरेदीभावाखालच्या स्ट्राइकचा कॉल विकला जात असेल, तर हा धोका ओळखावा.

विकलेला कॉल परत घेऊन पुढच्या मुदतीचा विकता येतो. पण भाव चढलेला असल्यास परतखरेदीचा तोटा आधी सोसावा लागतो.

अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये हक्क मुदतीआधीही बजावता येतो. शेअरचा भाव स्ट्राइकच्या वर असून कॉलचे कालमूल्य, म्हणजे उरलेल्या मुदतीपोटी त्याला मिळणारी जास्तीची किंमत, येऊ घातलेल्या लाभांशापेक्षा कमी उरले, तर एक्स-डिव्हिडंड तारखेच्या, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी शेअर जाण्याची शक्यता मोठी असते. मग लाभांशही खरेदीदाराकडे जातो.