एका दिवसात अनेक मुलाखती: वेळापत्रक कसं आखावं

पॅनेलच्या मुलाखतींचं वेळापत्रक बिघडतं ते बहुधा पहिल्या दोन तासांतच. 25 मिनिटांच्या मुलाखती एकाला एक लागून ठेवल्या आणि प्रत्येक मुलाखत पाचच मिनिटं लांबली, तरी सहाव्या उमेदवाराला 25 मिनिटं ताटकळावं लागतं. शिवाय गुण लिहायला वेळच उरत नाही. मग संध्याकाळी सकाळच्या उमेदवारांचे चेहरे आठवतात, उत्तरं आठवत नाहीत.

म्हणून एका उमेदवारासाठी 35 मिनिटं धरा. त्यातली 25 मुलाखतीची. उमेदवार बाहेर गेला की पुढची 5 मिनिटं गुणपत्रकाची: प्रत्येक सदस्यानं आपले गुण आधी लिहायचे, चर्चा त्यानंतर. आधी बोलणं झालं की पहिल्या बोलणाऱ्याच्या मताकडे बाकीचे झुकतात. उरलेली 5 मिनिटं मोकळी, म्हणजे पुढच्याचा अर्ज चाळायला किंवा थोडा उशीर भरून काढायला.

तिघांचं पॅनेल असेल तर दिवस असा बसतो. 9:30, 10:05 आणि 10:40 ला मुलाखती, 11:15 ला चहासाठी 15 मिनिटं. मग 11:30, 12:05, 12:40 आणि 1:15 ते 2 जेवण. दुपारी 2:00, 2:35, 3:10, पुन्हा 15 मिनिटांची सुट्टी आणि शेवटी 4:00, 4:35, 5:10. पावणेसहानंतर अर्धा तास एकत्रित चर्चा.

या बारा जागा झाल्या, पण बोलवा अकराच जणांना. 5:10 ची जागा रिकामी ठेवा. एखादा उमेदवार उशिरा पोचला तर त्याला तिथे घेता येतं, बाकीच्यांच्या वेळा हलत नाहीत. उमेदवार जास्त असतील तर दुसरा दिवस घ्या. सुट्ट्या कापून तेरावा बसवू नका. पाचनंतर पॅनेल थकलेलं असतं आणि त्याचा फटका शेवटच्या उमेदवाराला बसतो.

सगळ्यांना सकाळी नऊलाच बोलावणं हा उमेदवारांवर अन्याय आहे. प्रत्येकाला त्याच्या वेळेच्या 20 मिनिटं आधी बोलवा आणि कागदपत्रं बाहेरच्या टेबलावर तपासून घ्या. मूळ प्रमाणपत्रं मुलाखतीच्या खोलीत पाहायला घेतली, की चार-पाच मिनिटं तिथेच जातात.

कोणी आलंच नाही तर पुढच्याला लवकर आत घ्यायचा मोह होतो. तो आलेला असेल आणि स्वतः तयार असेल तरच घ्या, नाहीतर ती वेळ राहिलेल्या नोंदींना द्या.

घड्याळाकडे लक्ष ठेवायचं काम पॅनेलबाहेरच्या एकाला द्या. 20 मिनिटं झाली की त्यानं दारावर हलकेच टकटक करायची. सव्वाअकराला दहा मिनिटांपर्यंत उशीर असेल तर चहाच्या सुट्टीत तो मुरतो. जेवणाच्या वेळी 15 मिनिटांहून जास्त असेल, तर दुपारच्या उमेदवारांना लगेच फोन करून नवी वेळ कळवा. प्रश्न मात्र कमी करू नका: सकाळच्याला 25 मिनिटं आणि दुपारच्याला 15, अशा दोघांच्या गुणांची तुलनाच होऊ शकत नाही.