साकवावरून कळत नाही : पित्त की हृदय?

गौरीच्या तिखट सणाला आमच्याकडे मटण-वड्यांचा बेत असतो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पित्ताच्या तक्रारींची रांग. यंदा त्या रांगेत एक चाकरमानी होते. वय 56, आठ वर्षांपासून मधुमेह. रात्री नऊला जेवले, साडेअकराला छातीच्या मधोमध जळजळू लागलं. त्यांनी सोड्याची पुडी पाण्यात घालून घेतली. मोठी ढेकर आली, बरं वाटलं आणि घरचे सगळे निजले. पहाटे चारला घाम फुटला, दोन उलट्या झाल्या. मग आतेने मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. सकाळी सहाला भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून ते माझ्यासमोर आले. कपाळ ओलं, हात गार, नाडी मिनिटाला 48.

"डॉक्टर, पित्ताचं इंजेक्शन द्या. गॅस छातीत चढलाय," ते म्हणाले.

मी आधी ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीकडे पाहणाऱ्या तीन लीड्समध्ये रेघ उचललेली होती. हृदयविकाराचा झटका, आणि तोही साडेसहा तास जुना.

ढेकर आल्यावर बरं वाटलं, मग हा झटका कसा? घरच्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पोटात नाही, पाठीच्या कण्यात आहे.

अन्ननलिका हृदयाच्या पाठीमागून खाली उतरते. दोघं इतकी खेटून असतात, की हृदयाचा डावा कर्णिका-कप्पा नीट पाहायचा असेल तर सोनोग्राफीची नळी तोंडातून अन्ननलिकेत सोडतात. शेजार एवढ्यावर थांबत नाही. दोघांच्याही वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जूत शिरतात आणि बऱ्याचशा एकाच पेशींवर येऊन टेकतात. छातीच्या कातडीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या नसाही तिथेच येतात.

पावसाळ्यात दोन डोंगरांवरून दोन पऱ्हे उतरतात आणि वाडीच्या वर एकत्र होतात. तुम्ही खाली साकवावर उभे आहात. पाणी लाल गढूळ आलं की दरड कोसळली एवढं कळतं. कोणत्या डोंगरावर, ते साकवावरून कळत नाही. आपला मेंदू त्या साकवावर उभा असतो. वर काहीतरी बिघडलंय एवढंच त्याला कळतं आणि बाकीचं तो अंदाजाने भरतो. कातडीकडून निरोप रोजच येत असल्यामुळे तो बहुतेक वेळा छाती, खांदा, डावा हात, जबडा यांच्याकडे बोट दाखवतो. हृदयाचा झटका दाताच्या दुखण्यासारखा किंवा पाठीत भरल्यासारखा भासतो तो यामुळे. आपली भाषाही या गोंधळात सामील आहे. 'काळीज धडधडतं' म्हणतो आपण, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृत मिळतं.

आता खालच्या भिंतीबद्दल. बहुतेकांमध्ये तिला रक्त पुरवते ती उजवी हृदयधमनी. त्या भागात व्हेगस नावाच्या नसेचे धागे जास्त असतात आणि तीच नस पोट, अन्ननलिकाही सांभाळते. ही धमनी बंद पडली की व्हेगस खवळते : मळमळ, उलटी, कधी उचकी, मंद नाडी. रुग्णाला सगळं पोटातलंच वाटतं आणि तो खोटं सांगत नसतो. आमच्या चाकरमान्यांची 48 ची नाडी हीच खूण होती.

मग खऱ्या पित्ताची ओळख काय? आम्ल जठरातून अन्ननलिकेत उलटं आलं की जळजळ होते. ती पोटाच्या तोंडाशी सुरू होऊन गळ्याकडे वर सरकते, घशाशी आंबट पाणी येतं. वाकलं किंवा जेवून लगेच आडवं झालं की वाढते, उठून बसलं की उतरते. हृदयाचं दुखणं बहुधा जळण्यापेक्षा दडपणारं असतं. लोक सुरीने भोसकल्यासारखं म्हणत नाहीत, छातीवर मूठ ठेवून 'जांभा ठेवल्यासारखं' म्हणतात. घाटी चढताना किंवा होडी ओढताना आलं आणि दहा मिनिटं बसल्यावर गेलं, तर संशय पक्का धरावा. थंड घाम, दम, हातात किंवा जबड्यात पसरणं या खुणा पित्तात सहसा नसतात.

सहसा. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मधुमेह्यांच्या वेदनेच्या नसा बोथट झालेल्या असू शकतात. स्त्रियांमध्ये आणि वयस्करांमध्ये दुखणं बाजूला राहून नुसता दम, थकवा किंवा उलटी असू शकते. 'जेवल्यावर झालं म्हणजे पोटाचंच' हेही खरं नाही. भरपेट जेवणानंतर पचनासाठी हृदयाला जास्त काम पडतं आणि अरुंद झालेली धमनी तिथेच कमी पडते.

औषधाने निकाल लावणं तर आणखी फसवं. सोड्याने वा ओव्याने बरं वाटलं म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही, कारण हृदयाची वेदना आपणहून चढ-उतार करते आणि ढेकर त्याच उताराला येऊन श्रेय घेऊन जाते. उलट, जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने बरं वाटलं म्हणून दुखणं हृदयाचंच ठरत नाही. ती गोळी अन्ननलिकेच्या आखडलेल्या स्नायूंनाही सैल करते. शिवाय उजव्या धमनीच्या झटक्यात हृदयाचा उजवा कप्पाही सापडलेला असेल, तर या गोळीने रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. शेजाऱ्याच्या डबीतली ती गोळी म्हणून घेऊ नये. आणि 'जोरजोरात खोका, झटका थांबेल' हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश पाठवणारे दृष्ट काढणाऱ्यांपेक्षा वरचढ नाहीत. आतेने निदान मिरच्यांवर भागवलं.

म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी हृदय, मग पोट. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. तो सामान्य आला तरी काम संपत नाही, कारण सुरुवातीला रेघ सरळ दिसू शकते. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन पाहतात. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायू मरू लागला की ते रक्तात झिरपतं, पण वाढायला काही तास लागतात. पहिलं कमी आलं तरी काही तासांनी दुसरं पाहावंच लागतं. पित्त समजून हृदय सोडलं तर स्नायू जातो. हृदय समजून पित्त तपासलं तर एक रात्र आणि थोडे पैसे जातात.

चाकरमान्यांना अ‍ॅस्पिरिन चावायला दिलं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि 108 ने पुढे पाठवलं. मोटरसायकलवर वाटेत ठोका बिघडला असता तर भावाला काही करता आलं नसतं. अँजिओग्राफीत उजवी धमनीच निघाली. ते वाचले, पण खालच्या भिंतीचा एक भाग आता नीट आकुंचन पावत नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या वहिनी आल्या. रात्रीपासून तशीच जळजळ, शिवाय घशाशी आंबट. दोन ईसीजी, दोन ट्रोपोनिन, सगळं ठीक. त्या ओशाळल्या, "उगाच दिवस मोडला हो तुमचा." मी पित्ताची गोळी लिहून दिली आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका म्हटलं. दारातून त्या परत वळल्या, "आणि सोलकढी?" कोकम मुळात आंबटच. प्यायल्यावर जळजळ वाढत असेल तर काही दिवस बंद, नाहीतर खुशाल प्या, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावोजींना पण विचारते, त्यांना चालेल का ते."