विमान कंपनीची मुदत वेगळी, प्रवासाचे सुरक्षित महिने वेगळे

‘३६ आठवड्यांपर्यंत विमानात घेतात, मग अजून बराच वेळ आहे,’ असं गरोदर बाई आणि तिच्या घरचे बोलताना नेहमी ऐकू येतं. यात दोन वेगळ्या मर्यादांची गल्लत होते. एक कंपनीची आणि दुसरी शरीराची.

कंपनीला काळजी असते ती आकाशात कळा सुरू होण्याची आणि विमान भलत्याच गावी उतरवावं लागण्याची. म्हणून साधारण २८ किंवा ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं ‘फिट टू फ्लाय’ प्रमाणपत्र मागतात आणि ३६ आठवड्यांच्या आसपास दार बंद करतात. जुळं असेल तर बरंच आधी. नेमका आकडा आणि प्रमाणपत्र किती दिवसांपूर्वीचं चालतं, हे प्रत्येक कंपनीचं निराळं असतं. ते तिकीट काढण्याआधीच बघायचं, आणि परतीचं तिकीट असेल तर परतीच्या तारखेलाही लावून बघायचं.

शरीराचं गणित वेगळं आहे. सातव्या आठवड्यात कुणी तुम्हाला प्रमाणपत्र मागत नाही. पण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल, तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका याच सुमारास असतो. त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीत गर्भ जागेवर दिसेपर्यंत लांब जाणं टाळलेलं बरं. उलट्या आणि थकवाही याच काळात जास्त. खड्ड्यांनी गर्भ पडतो ही भीती मात्र काढून टाका. सुरुवातीच्या गर्भपातांमागे बऱ्याचदा गर्भातल्या गुणसूत्रांचा दोष असतो, रस्ता नाही.

सगळ्यांत बरा काळ १४ ते २८ आठवड्यांचा, म्हणजे ढोबळमानाने चौथा महिना लागल्यापासून सातवा निम्मा होईपर्यंत. आणि इथेच आपल्याकडची खरी पंचाईत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, त्यानंतर बाळंतपणासाठी माहेरी. म्हणजे आपला सगळ्यांत महत्त्वाचा प्रवास नेमका हा काळ संपल्यावर सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. सासर ठाण्याला, माहेर नागपूरला. शेवटची पाळी १ जानेवारीला आली. (सुरुवातीच्या सोनोग्राफीने तारीख बदलून दिली असेल, तर तीच धरायची.) १४ आठवडे ९ एप्रिलला भरतात, २८ आठवडे १६ जुलैला, ३६ आठवडे १० सप्टेंबरला आणि प्रसूतीची तारीख येते ८ ऑक्टोबर. कंपनीच्या हिशेबाने ऑगस्टअखेरही जाता येईल. पण मी जुलैचा पहिला पंधरवडा सुचवेन. डोहाळजेवण माहेरी करा की! शिवाय तिथल्या डॉक्टरांना शेवटचे तीन महिने तपासायला मिळतात, ही मोठी सोय.

जायचं कशाने? विमान दीड-एक तासाचं. केबिनमधली हवा थोडी विरळ असते, पण निरोगी आई-बाळाला ती बाधत नाही. आगगाडीला रात्र लागते, पण उठून चालता येतं आणि शौचालय हाताशी असतं. गरोदर बाईसाठी लोअर बर्थचा कोटा असतो, तो मागून घ्या. अडचण एवढीच की दोन स्टेशनांच्या मध्ये काही झालं तर मदतीला पुढचं स्टेशन गाठावं लागतं.

समृद्धी महामार्गाने गाडी हवी तिथे थांबवता येते, असं वाटतं खरं, पण भर वेगात ‘अजून थोडं पुढे’ करत तीन-चार तास कोणी उतरतच नाही. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते. दर दीड-दोन तासांनी खाली उतरून पाच-दहा मिनिटं चाला. शौचालयाच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाखालून कमरेच्या हाडांवर, आणि वरचा दोन स्तनांच्या मधून घ्यायचा. धडक किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, कारण वार सुटायला लागल्याचं बाहेरून लगेच दिसतं असं नाही.

हे सगळं गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणासाठी. वार खाली असेल, रक्त जात असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल, तर वरचे महिने लागू नाहीत. तिथे तुमच्या डॉक्टरांचाच शब्द. वाटेत एकच पोटरी सुजून दुखली, अचानक दम लागला, पाणी गेलं किंवा ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागलं, तर नागपूरची वाट बघू नका. जवळच्या दवाखान्यात जा. त्यासाठी रक्तगट आणि सोनोग्राफीचे कागद असलेली फाईल डिकीतल्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.