उतार जुळला, पण सांधा जुळला का?

"फोटोतल्या फंक्शनमध्ये x ≤ 1 असताना x² + 1 आणि x > 1 असताना 2x + 3 आहे. दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह x = 1 ला 2 येतं. म्हणजे तिथे डिफरन्शिएबल ना?"

नाही. क्लासमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला हा शॉर्टकट इथेच दगा देतो. आधी किमती बघा: डावीकडून 2, उजवीकडून 5. आलेख सांध्यावर 3 ने उडी मारतो, म्हणजे तो सलगच नाही. उजवं डेरिव्हेटिव्ह व्याख्येने काढताना f(1), म्हणजे 2, वजा करायचे असतात. शॉर्टकट नकळत 5 वजा करतो. खरा हिशोब असा:

(5 + 2h − 2)/h = 3/h + 2

h उजवीकडून शून्याकडे गेला की हे अनंताकडे पळतं. (फोटोत नुसतं 2x असतं, तर किमतीही जुळल्या असत्या आणि उत्तर 'हो' आलं असतं.)