व्हॅक्यूम क्लीनर कोण विकतं: जाहिरात, स्कीम की सेल्समन?

१९०८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात विल्यम हूवर नावाच्या व्यापाऱ्याला वेगळीच काळजी लागली होती. धंदा घोड्यांच्या चामडी साजाचा, आणि रस्त्यावर तर मोटारी दिसायला लागलेल्या. तेव्हा जेम्स स्पँग्लर या दम्याने बेजार झालेल्या सफाई कामगाराने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारं यंत्र बनवलं होतं. हूवरने त्याचे हक्क घेतले. यंत्र चांगलं होतं, पण ते काय असतं हेच गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं.

हूवरने 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या खपाच्या साप्ताहिकात जाहिरात दिली: आम्हाला लिहा, यंत्र दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. पत्रं आली. पण त्याने यंत्र थेट घरी धाडलं नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या गावातला एक चांगला दुकानदार शोधला, यंत्र त्याच्याकडे पाठवलं आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवायची जबाबदारी त्यालाच दिली. विकलं गेलं तर कमिशन त्याचं. अशा रीतीने गावोगावी विक्रेत्यांचं जाळं उभं राहिलं.

मार्केटिंगच्या पुस्तकात जाहिरात, विक्रयवृद्धी आणि वैयक्तिक विक्री यांची तीन वेगवेगळी प्रकरणं असतात. या एका व्यवहारात मात्र ती तिन्ही एकामागोमाग आली आहेत. साप्ताहिकातली जाहिरात, दहा दिवस फुकट वापराची स्कीम आणि दारात येणारा माणूस. पहिल्या पायरीचं काम संपलं तिथे दुसरीचं सुरू झालं. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' असं विचारलं की मुलं तक्ता काढून मोकळी होतात. खरा प्रश्न असा, की गिऱ्हाईक कुठल्या पायरीवर अडलंय आणि तिथे यातलं कुठलं साधन चालतं?

पायऱ्या मोजायला आपण 'आयडा' वापरतो: लक्ष, रुची, इच्छा, कृती. याचं श्रेय सहसा अमेरिकन जाहिरातकार एल्मो लुईस यांना आणि १८९८ या सालाला दिलं जातं. सुरुवातीला पायऱ्या तीनच होत्या, 'कृती' मागाहून जोडली गेली. ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे या चौकटीची मुळं समोरासमोरच्या विक्रीच्या शिकवणीत आहेत. एक विक्रेता, एक गिऱ्हाईक आणि दहा-वीस मिनिटांचं बोलणं. ते बोलणं कसं पुढे सरकतं त्याचं हे वर्णन. पुढे जाहिरातवाल्यांनी ते उचललं आणि एका चौकोनात किंवा तीस सेकंदांत चारही पायऱ्या कोंबायला सुरुवात केली. माझ्या मते आयडाबद्दलचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात.

चारही पायऱ्या एकाच माणसाने चढवलेल्या बघायच्या असतील तर आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९८२ साली फोर्ब्स समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स सुरू केली आणि व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी जाऊन विकायला घेतले. भारतात हे सोपं नव्हतं. आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे नाहीत, फरशी आहे. घरात केरसुणी आहे, बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत केर-फरशीला बाईही येते. मग हजारो रुपयांचं यंत्र कशाला? नुसत्या जाहिरातीने या प्रश्नाला उत्तर देणं कठीण, कारण जाहिरातीला हा प्रश्न ऐकूच येत नाही.

टाय लावलेला तरुण दारावरची बेल वाजवतो. "काकू, विकत काही घ्यायचं नाही, फक्त पाच मिनिटं डेमो दाखवतो." दार बंद होत नाही, म्हणजे लक्ष मिळालं. आता तो फरशीकडे बघतही नाही, कारण ती दहा मिनिटांपूर्वीच पुसलेली असते. तो गादीबद्दल विचारतो. शेवटची उन्हात कधी टाकली होती? सोफा कशाने झाडता? ही रुचीची पायरी, आणि इथे बोलायचं काम काकूंचं असतं, त्याचं नाही. घरात कुणाला सर्दी, दमा आहे का, हे त्याला याच बोलण्यातून कळतं. मग यंत्राच्या तोंडाशी पांढरं फडकं लावून तो गादीवरून मिनिटभर फिरवतो आणि फडकं उघडून दाखवतो. त्यावर करड्या धुळीचा थर असतो. काकू काही बोलत नाहीत, आणि तोही बोलत नाही. चांगला सेल्समन इथे गप्प बसतो, कारण इच्छा निर्माण करायचं काम धूळ करत असते.

थोडा शहाणपणा म्हणून एवढं नोंदवावं, की कुठल्याही घरातली गादी असा डेमो यशस्वी करते. त्या फडक्यावरून धूळ आहे एवढंच सिद्ध होतं. रोज हे यंत्र काढून वापरलं जाईल, हे नाही. अशी कितीतरी यंत्रं पुढे माळ्यावर गेली.

मग येतं "ह्यांना विचारून सांगते." नवशिका याला नकार समजून कार्ड ठेवून निघतो. मुरलेला विचारतो, "मग संध्याकाळी दोघं घरी असताना येऊ का?" हप्त्यांची सोयही तो इथे काढतो, आधी नाही. किंमत आधी सांगितली तर काकू ती केरसुणीशी ताडून बघतात. धूळ पाहिल्यावर तीच किंमत मुलाच्या दम्याशी ताडली जाते.

वैयक्तिक विक्रीचं बळ हेच: गिऱ्हाईक अडलं तिथेच दुरुस्ती करता येते. आणि याच बळाची किंमत मोजावी लागते. मानलेले आकडे घेऊ. एका सेल्समनवर पगार, प्रवास धरून महिन्याला ३०,००० रुपये खर्च होतात. तो महिन्यात ४०० दारं वाजवतो, ६० घरांत डेमो होतो, १२ यंत्रं विकली जातात. एका विक्रीमागे खर्च झाला २,५०० रुपये. दहा-बारा हजारांच्या यंत्रात तो बसू शकतो. दहा रुपयांच्या साबणात बसणं शक्यच नाही. म्हणून साबण टीव्हीवर विकला जातो: लाखो घरांत एका वेळी पोहोचणारी जाहिरात दरडोई काही पैशांत पडते. ती नाव ओळखीचं करते, आठवण ताजी ठेवते, पण समोरच्याच्या कपाळावरची आठी तिला दिसत नाही. लक्ष आणि रुची या तिच्या हक्काच्या पायऱ्या. यंत्राच्या बाबतीतही तिचा उपयोग असतो: कंपनीचं नाव आधी ऐकलेलं असेल तर दार लवकर उघडतं.

आता विक्रयवृद्धी, म्हणजे बाजाराच्या भाषेत स्कीम. सूट, एकावर एक, कूपन, फुकट भेट. तिचं मुख्य काम शेवटच्या पायरीवर, 'नंतर बघू'चं 'आत्ताच घेऊ' करायचं. परिणाम लगेच दिसतो, म्हणून महिनाअखेरीला टार्गेट अडलं की सगळ्यांना स्कीमच आठवते. पण हिशेब आठवड्याचा न करता महिन्याचा करून बघा.

समजा धुण्याच्या पावडरीचा पुडा १०० रुपयांना जातो आणि त्यावर कंपनीला ३० रुपये सुटतात. आठवड्याला १,००० पुडे खपतात. चार आठवड्यांत सुटले १,२०,००० रुपये. आता पहिल्या आठवड्यात १५ रुपये सूट दिली. खप उसळून २,२०० वर गेला, पण पुड्यामागे आता १५ रुपयेच सुटतात, म्हणजे ३३,०००. नियमित गिऱ्हाइकांनी घरात साठा केल्यामुळे पुढच्या आठवड्यात खप ६०० वर येतो, मग ८००, मग पुन्हा १,०००. त्या तीन आठवड्यांचे मिळून ७२,०००. महिन्याचा खप ४,००० वरून ४,६०० झाला आणि नफा १५,००० रुपयांनी घटला. विक्री विभाग पेढे वाटेल, हिशेबनीस डोक्याला हात लावेल. ही स्कीम परवडायला ते जास्तीचे पुडे घेणारे नवे असायला हवेत आणि सूट संपल्यावरही टिकायला हवेत. म्हणून स्कीम फसली की चालली, हे ती संपल्यानंतरच्या आठवड्यांत बघायचं.

स्कीमचा दुसरा धोका जास्त खोल आहे, आणि त्याचं उदाहरण पुन्हा हूवरच, ८४ वर्षांनंतर. १९९२ साली ब्रिटनमधल्या हूवर कंपनीने पडून राहिलेला माल हलवायला स्कीम काढली: १०० पौंडांहून जास्त खरेदी करा आणि विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट मिळवा. आधी युरोपची, मग चक्क अमेरिकेची. त्या दोन तिकिटांचीच किंमत शंभर पौंडांच्या कितीतरी पट होती. कंपनीचा भरवसा असा, की पावती पाठवा, अर्ज भरा, तारखा सुचवा या कटकटीत बहुतेक लोक मध्येच सोडून देतील. तो भरवसा साफ चुकला. दोन लाखांहून जास्त लोक खरोखर विमानात बसले, खर्च पाच कोटी पौंडांच्या घरात गेला, प्रकरण कोर्टात पोहोचलं. सेकंडहँड बाजारात खोकंही न उघडलेले व्हॅक्यूम क्लीनर येऊ लागले. १९९५ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या अमेरिकी मालकाने युरोपातला हा धंदा इटलीच्या कँडी कंपनीला विकून टाकला.

आयडाच्या चष्म्यातून पाहिलं तर लक्ष, रुची, इच्छा, कृती, चारही पायऱ्या झकास पार पडल्या होत्या. फक्त इच्छा व्हॅक्यूम क्लीनरची नव्हती, न्यूयॉर्कची होती. १९०८ ची स्कीमही फुकटच होती, पण तिने गिऱ्हाइकाच्या हातात यंत्रच दिलं होतं. नमुना, फुकट वापर, डेमो यांत आमिष वस्तूचंच असतं, म्हणून आपोआप आलेला माणूस बहुतेक वस्तूत रस असलेला असतो. तिकीट, सोन्याचं नाणं, लकी ड्रॉ यांत आमिष वेगळ्या गोष्टीचं असतं. नवी स्कीम कागदावर आली की हे आधी तपासावं.

कुठे अडलंय ते ओळखायला फार गुंतागुंतीचं संशोधन लागत नाही. वर सेल्समनचे आकडे दिलेत तेच बघा. ४०० दारांपैकी ६० घरांत डेमो होतोय आणि ते २० वर आले, तर कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही असा संशय घ्यावा. इथे जाहिरात हवी. डेमो ६० आहेत पण विक्री ३ वर आली, तर जाहिरातीवरचा पैसा वाया जाईल. डेमो कच्चा आहे किंवा किंमत जड आहे, आणि यातलं काय ते सेल्समनला विचारलं की कळतं. लोक 'आवडलं, पण दिवाळीत घेऊ' म्हणत असतील तरच सूट किंवा हप्ता कामाला येतो.

आयडा काही ठिकाणी मुळातच लागू पडत नाही. दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुडीसाठी कुणी रुची आणि इच्छा यांच्या पायऱ्या चढत नाही. पुडी आधी घेतली जाते, आवडनिवड केस धुतल्यावर ठरते. ब्रिटिश संशोधक अँड्र्यू एहरनबर्ग यांचं म्हणणं या धर्तीचं होतं: रोजच्या वस्तूंत माहिती, मग चाचणी, मग सवय पक्की होणं हा क्रम, आणि जाहिरातीचं मोठं काम शेवटच्या टप्प्यावर, आधीच घेणाऱ्याला घेत राहायला लावण्याचं. शिवाय आयडा 'कृती'पाशी थांबतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्या संपल्या, मोटर गरम व्हायला लागली, सर्व्हिसला फोन केला आणि कुणी आलं नाही, हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. दारोदार विकणाऱ्या कंपनीसाठी मात्र पुढच्या मजल्यावरचं दार उघडणार की नाही, हे खालच्या मजल्यावरच्या काकू त्या यंत्राबद्दल जिन्यात काय बोलतात यावरच ठरतं.